नाक चोंदलं की संत्रा बर्फी नुसतीच गोड का लागते?

आज आवाज थोडा बसलेला वाटेल, कारण आठवडाभर सर्दीनं धरलंय. नागपुरात थंडी पडली की दोन गोष्टी एकदमच येतात: बाजारात आंबिया बहाराची संत्री आणि घराघरात पडसं. परवा घरी संत्रा बर्फी आली. तुकडा तोंडात टाकला, आणि काहीच नाही. म्हणजे गोड लागली, खव्याचा मऊपणा कळला, पण संत्रं गायब. साखरेचा गोळा खाल्ल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "बर्फीवाल्यानं फसवलं." बहीण म्हणाली, "बर्फी मस्त आहे रे, तुझीच जीभ खराब झालीय."

जीभ खराब झाली नव्हती. सर्दीत जीभ जवळपास ठणठणीत असते. आजचा सगळा भाग याच एका गोष्टीवर आहे.

आधी एक प्रयोग करून बघा. त्याला सर्दी लागत नाही. लिमलेटच्या गोळ्या आणा, एक संत्र्याची, एक लिंबाची. डोळे मिटा, नाक दोन बोटांनी घट्ट दाबा आणि मित्राला सांगा की यातली कुठलीही एक तोंडात टाक. चघळा. आंबट-गोड लागेल, पण संत्रं की लिंबू हे सांगणं फार अवघड जाईल. आता नाक सोडा आणि तोंड मिटून नाकानं श्वास बाहेर टाका. एका क्षणात संत्रं हजर! गोळी तीच, जीभ तीच, फक्त नाकाची वाट मोकळी झाली.

आता जिभेवर काय चालतं ते बघू. जिभेवर रुचिकलिका असतात आणि प्रत्येक कलिकेत साधारण ५० ते १०० पेशी. या पेशींकडे मूळ चवी पाचच: गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी, म्हणजे मटणाच्या रश्श्यात किंवा टोमॅटोत असते ती भरीव चव. बस. जिभेपाशी 'संत्रं' नावाचा रिसेप्टर नाही. आंब्याचा नाही, वेलचीचा नाही, भाजलेल्या जिऱ्याचाही नाही.

बर्फीतली साखर लाळेत विरघळते आणि गोडाच्या रिसेप्टरला चिकटते. हा रिसेप्टर दोन प्रथिनं जोडून बनलेला असतो आणि पेशीच्या आवरणात आरपार बसलेला असतो. साखर बाहेरून चिकटते, ती आत जातच नाही. पण तिच्या चिकटण्यानं रिसेप्टरचा आकार बदलतो आणि आतल्या बाजूला असलेलं जी-प्रोटीन जागं होतं. दारावरची बेल बाहेरून वाजवली आणि आतला माणूस उठला, तसंच. तो पुढे एका एन्झाइमला उठवतो. मग पेशीच्या आत साठवलेलं कॅल्शियम मोकळं होतं, त्यानं टीआरपीएम५ नावाचं एक दार उघडतं, सोडियम आत शिरतं, पेशीचा व्होल्टेज चढतो आणि पेशी चेतातंतूकडे एटीपी सोडते. तिथून 'गोड' असा निरोप मेंदूकडे निघतो. (एक गंमत सांगतो. हे टीआरपीएम५ चं दार गरम असताना जास्त जोरात उघडतं. वितळलेलं आइस्क्रीम जास्त गोड लागतं ना, त्यामागे हे एक कारण आहे.) कडू आणि उमामीचा निरोपही याच साखळीनं जातो. आंबट आणि खारट मात्र थेट दारातून आत शिरतात: लिंबातले हायड्रोजन आयन, मिठातले सोडियम.

या सगळ्या साखळीत नाक कुठे आलं? कुठेच नाही. म्हणूनच सर्दीत बर्फी गोड लागत राहते.

मग संत्रं कुठून येतं? संत्र्याच्या सालीतल्या तेलात ९० टक्क्यांहून जास्त भाग लिमोनीन नावाच्या रेणूचा असतो. संत्रं सोलताना हाताला जो फवारा लागतो, तोच. पण नुसत्या लिमोनीनचा वास घेतला तर पूर्ण संत्रं वाटत नाही. बाकीच्या थोड्याशा तेलात ऑक्टानालसारखे रेणू असतात, ते त्यात जीव आणतात. हे सगळे रेणू हलके असतात. तोंडातल्या उबेनं ते उडतात. पण उडून जायचं कुठे, हा खरा मुद्दा आहे.

वास म्हटलं की आपल्याला वाटतं, समोरून नाकात जातो. त्याला एक मागचं दारही आहे. तोंड आणि नाक घशाच्या वरच्या भागात मागून जोडलेले आहेत. आपण चावतो, गिळतो आणि गिळल्यावर लगेच थोडा श्वास नाकातून बाहेर टाकतो. त्या श्वासाबरोबर तोंडातली वाफ मागून नाकात चढते आणि अगदी वर, दोन डोळ्यांच्या मधल्या उंचीवर, वासाच्या पेशींच्या छोट्याशा पट्ट्यावर पोचते. पट्टा प्रत्येक बाजूला काही चौरस सेंटिमीटरचा, आणि तिथे जाणारी फट एक-दोन मिलिमीटरची.

या पेशींचं वैशिष्ट्य असं की माणसाकडे वासाच्या रिसेप्टरचे सुमारे ४०० प्रकार आहेत आणि एका पेशीवर बहुतेक एकच प्रकार असतो. ही रिसेप्टरांची जीन्स लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली, २००४ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. एक रेणू अनेक प्रकारांना कमी-जास्त चिकटतो आणि एक प्रकार अनेक रेणूंना ओळखतो. म्हणजे संत्रं हा एक सूर नाही, अनेक पट्ट्या एकदम दाबून वाजलेला पेटीचा आवाज आहे. पेशीच्या आतली साखळी इथेही जी-प्रोटीननंच सुरू होते, फक्त मधला निरोप्या वेगळा, सीएएमपी. त्यानं दार उघडलं की कॅल्शियम-सोडियम आत, मग क्लोराइड बाहेर, आणि बारीकसा संदेश मोठा होतो.

हे दोन्ही निरोप मेंदूत एकत्र येतात. आणि मेंदू एक लबाडी करतो. अन्न तोंडात आहे, जीभ हलतेय, दात लागतायत, म्हणून तो मागून आलेला वाससुद्धा तोंडातच घडल्यासारखा मांडतो. म्हणून आपण म्हणतो "चव छान आहे", "वास छान आहे" असं म्हणत नाही. आणि सर्दी झाली की म्हणतो "जिभेला चवच नाही". बिचारी जीभ उगाच बदनाम!

सर्दीत नेमकं बंद काय होतं? बहुतेकांना वाटतं, शेंबडानं. तो असतोच, पण मोठा वाटा सुजेचा. नाकाच्या आत बाजूंना मांसल उंचवटे असतात, डॉक्टर त्यांना टर्बिनेट म्हणतात. त्यांच्यात रक्तवाहिन्यांचं जाळं आहे. सर्दीत ते रक्तानं फुगतात. म्हणून कितीही शिंकरलं तरी नाक मोकळं होत नाही, हा अनुभव तुम्हाला असेलच. खालून थोडी हवा जात असली तरी वरची ती एक-दोन मिलिमीटरची फट मिटलेली असते. लिमोनीन घशापर्यंत येऊन परत जातं. रिसेप्टर शाबूत, वाट बंद.

आता नागपूरकर विचारतील: मग सर्दीत सावजी कशी काय लागते? लागते ना, जाळ लागतो! कारण तिखट ही चवही नाही आणि वासही नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन टीआरपीव्ही१ नावाच्या रिसेप्टरला चिकटतं. तो खरं तर चटक्याचा रिसेप्टर आहे, ४३ अंश सेल्सियसच्या वर गरम लागलं की उघडणारा. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं तो १९९७ मध्ये ओळखला, २०२१ चं नोबेल त्यांना आणि आर्डेम पॅटापूटियन यांना. हा निरोप तिसऱ्याच तारेनं जातो, चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल चेतातंतूनं. म्हणून सर्दीत सावजी रस्सा खाल्ला तर तिखट शंभर टक्के, मीठ शंभर टक्के, पण दगडफूल, भाजलेलं खोबरं, खसखस यांचा तो काळा खमंगपणा गायब. नाक वाहतं म्हणून वाटतं की मोकळं झालं. वाहणं वेगळं आणि सूज उतरणं वेगळं.

मेंथॉलच्या बामचंही तसंच आहे. मेंथॉल थंडाव्याच्या रिसेप्टरला फसवतं, त्यामुळे हवा आत गेल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात नाक तितकंच बंद असतं.

आता माझ्या मावशीची गोष्ट. मावशीला बीपी आहे. गेल्या हिवाळ्यात सर्दी लांबली आणि तिला सगळं फिकं लागायला लागलं. ती वरणात मीठ वाढवत गेली. ताटात वरून मीठ, लोणचं, पापड. आम्हाला खारट लागायचं, ती म्हणायची, "तुमचंच तोंड बिघडलंय." खरं म्हणजे तिला खारट कळत होतं. हरवला होता फोडणीचा वास, हिंग-जिऱ्याचा. मिठानं तो परत येत नाही, फक्त मीठ वाढतं. ज्यांना बीपी आहे त्यांच्या घरी हे लक्षात ठेवा. त्यापेक्षा लिंबू पिळा, थोडं तिखट चालत असेल तर घाला, कुरकुरीत काही द्या. या तारा चालू असतात.

शेवटचं, श्रोत्यांपैकी बऱ्याच जणांनी विचारलेलं: कोविडमध्येही असंच झालं होतं का? नाही. तिथे अनेकांचं नाक मोकळं होतं, हवा खेळत होती, तरी वास शून्य. कोविडचा विषाणू प्रामुख्यानं वासाच्या पेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर बसतो, आणि त्या कोलमडल्या की वासाच्या पेशींचं कामही थांबतं. इथे वाट उघडी, पण यंत्रणा बंद.

फरक घरी कळू शकतो. जिभेवर चिमूटभर साखर ठेवा, मग मीठ. दोन्ही कळलं तर जीभ ठीक. मग कॉफी पावडर किंवा हिंगाची डबी नाकाशी धरा. बाम वापरू नका, त्याची झणझण ट्रायजेमिनलमधून कळते, वास पूर्ण गेलेल्यालाही. नाक बंद असताना कॉफी कळली नाही तर काळजी नाही, सूज उतरली की परत बघा. पण नाक मोकळं आहे आणि तरी कॉफी कळत नाही, किंवा सर्दी जाऊन दोन आठवडे झाले तरी वास नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. वासाच्या पेशी नव्यानं तयार होऊ शकतात, त्यामुळे बऱ्याच जणांचा वास हळूहळू परत येतो. डॉक्टर बहुधा वासाचा सरावही सांगतात: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, दिवसातून दोनदा प्रत्येक वास काही सेकंद, किमान तीन महिने.

आणि तोवर घरात कुणाला वास येत नसेल तर गॅसच्या शेगडीजवळ त्याला एकटं सोडू नका. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मर्कॅप्टन मिसळलेलं असतं, आणि ते ओळखण्याचं काम त्याच वरच्या छोट्या पट्ट्याचं आहे. झोपताना रेग्युलेटर बंद करा, दूध नासलंय की नाही ते दुसऱ्याकडून तपासून घ्या.

माझी बर्फी फ्रीजमध्ये ठेवलीय. आज सकाळी उजवी नाकपुडी थोडी मोकळी झाली होती, तेव्हा एक तुकडा खाल्ला. श्वास बाहेर टाकला आणि अगदी पुसटसं का होईना, संत्रं आलं.