मुरुड कोणतं?
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या वर्षी जानेवारीत आपल्यातले चौदाजण चार दिवस कोकणात जाऊन आले. त्या सहलीचा जो व्हिडिओ आज चहाच्या वेळी पडद्यावर दाखवला, तो कसा झाला ते सांगायला मला उभं केलं आहे. खरं तर तो दुसरा व्हिडिओ. पहिला तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला नाही, हे मला माहीत आहे. पाहिल्याचं अनेकांनी सांगितलं, पण मी विचारत गेलो तसं कळत गेलं.

पहिला व्हिडिओ एक तास दहा मिनिटांचा होता. सगळ्यांच्या फोनमधलं चित्रण मागवलं, ओळीनं लावलं, खाली एक सतार वाजवली आणि पाठवून दिलं. समुद्र, नारळ, आपण जेवतोय, परत समुद्र. शेवटपर्यंत पाहिला फक्त आपल्या भूगोलाच्या बाईंनी. गुडघ्यांमुळे त्यांना आता प्रवास जमत नाही, म्हणून मी घरी जाऊन टीव्हीवर लावून दिला होता. मध्ये मध्ये मी नकाशाही घातला होता. गावांची नावं टाइप केली की लाल रेघ आपोआप धावते, असं एक ॲप मिळालं होतं. मला त्याचं फार कौतुक होतं.

बाईंनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "थांबव. मागे घे. हे मुरुड कोणतं रे?"

आपण वेसवीहून दक्षिणेला निघालो होतो. केळशी, आंजर्ले, हर्णे आणि तिथून जवळचं दापोली तालुक्यातलं मुरुड. ॲपनं घेतलं होतं जंजिऱ्याजवळचं, रायगड जिल्ह्यातलं मुरुड. त्यामुळे लाल रेघ सावित्रीची खाडी ओलांडून दक्षिणेला येते न येते, तोच गर्रकन वळून उत्तरेला श्रीवर्धनच्याही पलीकडे जायची आणि परत हर्ण्याला यायची. सगळं तीन सेकंदांत. मी ते पन्नास वेळा पाहिलं होतं, माझ्या लक्षात आलं नव्हतं. रेघ कुठून कुठे जाते हे मी पाहतच नव्हतो, ती पळते आहे यावरच खूश होतो.

दुसरी चूक दाभोळची. आपण दाभोळहून फेरीबोटीनं धोपाव्याला उतरलो. वाशिष्ठीची खाडी, जेमतेम दहा मिनिटांचं पाणी. नकाशावरची रेघ मात्र चिपळूणवरून मोठा वळसा घालून गुहागरला पोचली होती, कारण फेरी टाळण्याचा पर्याय माझ्याकडून चालू राहिला होता. बाई म्हणाल्या, "तुम्ही खाडी ओलांडली ना? मग नकाशात ती कुठे आहे? दिशा नाही, प्रमाण नाही, सूची नाही. आठवीत मी याला दहापैकी तीन दिले असते." त्यांनी प्रत्यक्षात किती दिले असते हे आपल्याला माहीत आहे.

मग मी ॲप सोडलं आणि रेघ हातानं काढायचं ठरवलं. ते वाटतं तितकं अवघड नाही. ओपनस्ट्रीटमॅपवरून किनाऱ्याचा नकाशा चित्र म्हणून घेतला. तो वापरायला पैसे पडत नाहीत, पण नकाशा त्यांचा आहे हे कोपऱ्यात लिहावं लागतं, ते आपल्या व्हिडिओत दिसतं. चित्र मुद्दाम मोठं घेतलं. व्हिडिओ १९२० बाय १०८० ठिपक्यांचा असेल, तर नकाशा निदान दुप्पट हवा. नाहीतर एखाद्या गावाच्या जवळ गेलं की अक्षरं पुसट होतात.

एडिटिंग डाविंची रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत केलं. त्यात Fusion नावाचं पान आहे. तिथे एक रंगीत पार्श्वभूमी घ्यायची आणि तिला Polygon हा मुखवटा जोडायचा. मग रस्त्यावर एकेक बिंदू ठेवत जायचं, जसे आपण ट्रेसिंग पेपरवर ठेवायचो. Solid ची खूण काढली आणि Border Width वाढवली की भरलेल्या आकाराऐवजी नुसती रेघ उरते. शेवटी Length ला सुरुवातीच्या फ्रेमवर 0 आणि शेवटच्या फ्रेमवर 1 अशी खूण केली, की रेघ आपोआप उमटत जाते. ताम्हिणी घाटाच्या वळणांना मला चाळीसेक बिंदू लागले. एवढे नसते तरी चाललं असतं, पण बाई पाहणार होत्या.

यात खरी अडचण प्रमाणाची आली. पुणे ते हरिहरेश्वर हा लांबचा पल्ला, आणि दाभोळची खाडी नकाशावर नखाएवढी. रेघ सगळीकडे सारख्या वेगानं पळवली, तर खाडी डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपते. आणि आपल्या सहलीत तर तीन फेऱ्याच लक्षात राहिल्या होत्या: बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. म्हणून प्रत्येक टप्प्याची रेघ वेगळी काढली. रस्ता लाल आणि भरभर. खाडी आली की नकाशा जवळ येतो, रेघ निळी आणि तुटक होते, आणि पाच सेकंद सावकाश सरकते. जवळ गेल्यावर प्रमाण बदलतं, म्हणून प्रमाणपट्टीही प्रत्येक नकाशावर वेगळी दिली. कोपऱ्यात उत्तरेचा बाण आहे. बाईंनी आज तो पाहिला, आणि काही बोलल्या नाहीत.

आता चॅप्टरचं सांगतो. ते मी नकाशासाठी केले नाहीत.

आपल्या तुकडीतला एक मित्र आज इथे नाही. नाव घेत नाही, तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. सहलीनंतर सहा महिन्यांनी तो गेला. त्यानंतर काही दिवसांनी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे बोटीवर गायले होते म्हणे. सगळे सांगतात. व्हिडिओत ते कुठे आहे?" मी म्हटलं, साधारण अर्ध्या तासाच्या पुढे असेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत फोन केला. फोनच्या पडद्यावर बोट सरकवत सरकवत पूर्ण तास दहा मिनिटं पाहिली, सापडलं नाही. "माझंच चुकलं असेल," म्हणाल्या.

त्यांचं चुकलं नव्हतं. ते गाणं व्हिडिओत नव्हतंच.

मी मूळ चित्रण उघडून बसलो. दाभोळ फेरीच्या क्लिपमध्ये तो कुठेच नव्हता. मग लक्षात आलं, की दुबईहून आलेल्या आपल्या मित्राच्या कॅमेऱ्यावर घड्याळ दुबईचंच राहिलं होतं. तिथली वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. फोन इथे उतरल्यावर आपली वेळ स्वतः बदलतात, कॅमेरा बदलत नाही. मी सगळ्या क्लिप वेळेनुसार लावल्या होत्या. त्यामुळे दुपारी चार चाळीसची फेरी त्याच्या कॅमेऱ्यात तीन दहाची झाली, आणि तीन दहाला आपण हर्णे बंदरावर होतो. तिथे आधीच बोटीच बोटी होत्या. ही आणखी एक बोट, म्हणून मी ती क्लिप न ऐकताच काढून टाकली होती.

खात्री कशी केली तेही सांगतो, तुमच्याही उपयोगी पडेल. दोन्ही यंत्रांनी टिपलेला एकच क्षण शोधायचा. हरिहरेश्वरच्या पायऱ्यांवर आपण गटाचा फोटो काढला होता. माझ्या फोनमध्ये त्याची वेळ ११:४२ आणि कॅमेऱ्यात १०:१२. फरक बरोबर दीड तास. मग त्या कॅमेऱ्याच्या त्रेचाळीस क्लिपना खरी वेळ पुढे लिहून नवी नावं दिली. त्या पुन्हा ओळीत लावल्या, तर क्लिप आपोआप दाभोळच्या धक्क्यानंतर येऊन बसली. तो रेलिंगला टेकून गातो आहे, मागे गाड्या उभ्या आहेत, इंजिनाचा आवाज त्याच्यापेक्षा मोठा आहे. सतार मी तिथे बंद केली.

दुसरा व्हिडिओ तेवीस मिनिटांचा झाला. यूट्यूबवर फक्त दुवा असणाऱ्यांनाच दिसेल असा ठेवला आणि खालच्या वर्णनात हे लिहिलं:

```
0:00 पुणे ते हरिहरेश्वर
4:35 बागमांडला-वेसवी फेरी
6:10 केळशी, आंजर्ले, हर्णे
11:20 दाभोळ-धोपावे फेरी
13:05 गुहागर, हेदवी
17:40 तवसाळ-जयगड फेरी
18:55 गणपतीपुळे
```

एवढं लिहिलं की खालच्या पट्टीचे तुकडे पडतात आणि बोट ठेवलं की त्या जागेचं नाव दिसतं. मात्र पहिली वेळ 0:00 च हवी. मी आधी शीर्षक सोडून 0:12 पासून सुरुवात केली होती, तर एकही तुकडा पडला नाही. वेळा चढत्या क्रमानं हव्यात, निदान तीन हव्यात आणि प्रत्येक तुकडा दहा सेकंदांचा तरी हवा. माझे नकाशे आठ-आठ सेकंदांचे, म्हणजे त्यांना वेगळा चॅप्टर देता येत नाही. ते एका अर्थी बरंच झालं. प्रत्येक चॅप्टर नकाशानंच सुरू होतो, त्यामुळे कुणी मधूनच उघडलं तरी आधी आपण कुठे आहोत ते कळतं आणि मग गाव दिसतं.

नावांवर मात्र वाद झाला. काहींना 'धमाल', 'समुद्रस्नान', 'मस्ती' अशी नावं हवी होती. मी जागांचीच ठेवली. मस्ती कुठे केली ते वर्षभरात कुणाला आठवत नाही, फेरी कोणती होती ते आठवतं. वहिनींना मी फोनवर एवढंच सांगितलं, की चौथ्या नावावर बोट ठेवा.

एक विनंती करून थांबतो. अजून सहाजणांचं चित्रण माझ्याकडे आलेलं नाही, आणि ज्यांचं आलं आहे त्यातलं बरंच व्हॉट्सॲपवरून साध्या फोटोसारखं आलं आहे. तसं पाठवलं की चित्र दाबलं जातं, आणि फोटोत नोंदलेली जागा निघून जाते. पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्याहून सोपं म्हणजे, आज मी मागच्या टेबलावर लॅपटॉप आणि दोन-तीन प्रकारच्या केबल ठेवल्या आहेत. जेवणाच्या आधी फोन घेऊन या. आणि कॅमेरा आणला असेल, तर आधी त्यातलं घड्याळ किती वाजल्याचं दाखवतं ते मला सांगा.