एका दिवसाच्या जेवणाचा ताळेबंद
(वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासनातर्फे केलेल्या निवेदनाचा मजकूर)



रुग्णालयाच्या जमाखर्चाचे पत्रक आपल्या हाती आहेच. त्यातील ‘शालेय आहारशिक्षण’ या लहानशा रकमेबद्दल काही देणगीदारांनी विचारणा केली की, प्राथमिक शाळेतील मुलांना आहार शिकवायचा म्हणजे नेमके काय करायचे? ती रक्कम कशी खर्ची पडली, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आहारशास्त्र आमचे नव्हे. जे सांगणार आहोत ते आमच्या आहारतज्ज्ञ ताईंकडून शिकलेले आणि चौथीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून पाहिलेले आहे.

आरंभीच एक चूक मान्य करावयास हवी. पहिल्या वर्षी आम्ही एक सुरेख रंगीत तक्ता छापून घेतला. त्यावर सफरचंद होते, बदाम होते, दुधाचा उंच पेला होता. तो भिंतीवर लावून मुलांना सांगितले, “काल दिवसभरात काय खाल्ले ते लिहा.” कागद गोळा केले तेव्हा जवळजवळ सर्वांनी सफरचंद, बदाम आणि दूध लिहिले होते. आम्ही समाधानाने परत निघालो. वर्गाच्या बाईंनी आम्हाला व्हरांड्यात थांबवून एका मुलीचा कोरा कागद दाखविला. तिच्या घरी त्या दिवसांत एक वेळच चूल पेटत होती. इतरांनी तक्त्यावरचे उतरविले. तिला खोटे लिहिता आले नाही. आमच्या पाठातून त्या वर्गाला एवढेच कळले होते की, आपल्या घरचे जेवण सांगण्याजोगे नाही.

दुसऱ्या वर्षापासून तक्ता गेला आणि त्याच्या जागी एक साधा आखीव कागद आला. आपल्या घरी काय शिजले, हे मुलांना विचारणेही आम्ही थांबविले. कागद एका कल्पित मुलाचा असतो. नाव वर्गच ठेवतो, बहुधा ‘बंड्या’. बंड्याचा एक दिवस आम्ही लिहून देतो आणि मुले त्याच्यासाठी उद्याचा दिवस ठरवितात.

कागदाची आखणी अशी. आडव्या ओळी चार: सकाळ, दुपारची शाळा, संध्याकाळ आणि रात्र. उभे रकाने सहा: धान्ये, डाळी-कडधान्ये, आणि ज्यांच्याकडे चालते त्यांच्यासाठी अंडी-मासे-मांस, दूध-दही-ताक, भाज्या, फळे, आणि शेवटी शेंगदाणे-तीळ व तेल-तूप. पदार्थ ज्या गटातला, त्या रकान्यात टिंब द्यायचे. हिशेबाच्या माणसाला ही मांडणी ओळखीची वाटावी. व्यवहार ओळीत लिहिला जातो, बेरीज मात्र रकान्याची होते. एकेका जेवणात सहाही गट हवेत असा हट्ट धरला तर मूल गोंधळते आणि आईही वैतागते. दिवसाच्या शेवटी कोणता रकाना रिकामा राहिला, एवढेच पाहावयाचे असते.

पहिला तास पदार्थ रकान्यांत घालण्यातच जातो आणि खरे शिक्षण तेथेच होते. एका मुलीने विचारले, “सर, पिठल्याचं पीठ म्हणजे धान्यच ना?” तिचा तर्क चुकीचा नव्हता, कारण घरी ज्वारी आणि हरभरा दोन्ही दळूनच येतात. पण बेसन हरभऱ्याच्या डाळीचे. म्हणून पिठले-भाकरीला दोन रकान्यांत टिंब मिळते. याउलट पोहे, कुरमुरे, पाव आणि बिस्किटे हे चार निरनिराळे पदार्थ दिसले तरी चौघेही एकाच धान्याच्या रकान्यात जातात, आणि हे पाहून मुले चकित होतात. थालीपिठाच्या भाजणीत धान्ये आणि डाळी दोन्ही असतात. उपवासाची साबुदाण्याची खिचडी मुलांना ‘फळांच्या’ जवळची वाटते. साबुदाणा मात्र जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यातील खरी जमेची बाजू शेंगदाण्याच्या कुटाची.

सर्वांत मोठा वाद बटाट्यावर होतो. भाजीवालीकडे मिळतो, भाजी म्हणून शिजतो, मग भाजी का नाही? ताईंचे उत्तर असे की, तो भाजीच आहे, परंतु ताटात तो भाकरीचे काम करतो, म्हणून आपल्या कागदावर तो धान्याशेजारी बसेल. दुसरा वाद चहातील दुधाचा. त्यासाठी एक नियम केला: जो पदार्थ वाटीत वेगळा काढला तर डोळ्यांना दिसेल, त्यालाच टिंब. चहातले चमचा-दोन चमचे दूध त्यात बसत नाही.

आता बंड्याचा दिवस पाहू. सकाळी चहा आणि बिस्किटे. दुपारी शाळेची खिचडी. संध्याकाळी कुरमुरे. रात्री ज्वारीची भाकरी, बटाट्याची सुकी भाजी आणि शेंगदाण्याचा ठेचा. ऐकावयास दिवस बरा वाटतो; पोट चारही वेळा भरले आहे. टिंबे दिल्यावर मात्र धान्याचा रकाना वरपासून खालपर्यंत भरतो आणि त्यात बटाट्याची भर पडते. डाळीला एकच टिंब, तेही खिचडीचे. भाजीलाही तेवढेच, खिचडीतले. दूध आणि फळ दोन्ही कोरे. शेवटच्या रकान्यात ठेच्यामुळे आणि फोडणीच्या तेलामुळे टिंब आहे.

येथे मुलांना मोकळे सोडले तर ती सारा दिवस पुसून नवा लिहितात आणि त्यात लाडू-श्रीखंड घालतात. म्हणून दोन अटी घातल्या. फक्त तीन चौकटी बदलायच्या आणि नवा पदार्थ आपल्या आठवडी बाजारात मिळणाराच हवा. या अटींमुळे मुले विचार करू लागतात. एका गटाने बटाट्याच्या जागी मूगडाळ घातलेली मेथीची भाजी लिहिली. एका चौकटीत दोन रकाने भरले आणि गटाने टाळ्या वाजविल्या. संध्याकाळी कुरमुऱ्यांऐवजी पेरू आला. सकाळी बिस्किटांऐवजी रात्रीची भाकरी आणि दही. चहा मात्र राहू द्या, असा आग्रह झाला, कारण “आमचे आजोबा चहाशिवाय दिवसच सुरू करत नाहीत.” आजोबांचा चहा कोणी काढून घेणार नव्हते. परंतु चहातील काही घटक अन्नातील लोह शरीरात शिरू देत नाहीत, म्हणून चहा जेवणाबरोबर घेऊ नये, आणि भाजीवर लिंबू पिळल्यास तेच लोह अधिक चांगले शोषले जाते, हे ताईंनी सांगितले. लिंबाला चौकट मोजावयाची की नाही यावर पुन्हा वाद झाला. मोजली नाही.

खर्चाची बाजू आम्ही पाहिली. बिस्किटे आणि कुरमुरे यांच्या पैशांत हंगामातला पेरू आणि मेथीची जुडी बहुधा बसते. दही बसत नाही. सहा रकान्यांत दुधाचा रकानाच गरीब घराला सर्वांत जड जातो, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. तेथे दुसरी वाट सांगितली जाते: नाचणीची भाकरी, तीळ आणि पालेभाजी यांतून कॅल्शियम मिळते, तर डाळ आणि शेंगदाणे यांतून प्रथिने. रकाना कोराच राहतो, पण त्याचा भार काही अंशी शेजारचे रकाने उचलतात.

टिंबांची एक उणीव आमच्या हिशेबी मनाला पहिल्यापासून खटकत होती. चमचाभर पातळ वरणालाही एक टिंब आणि वाटीभर घट्ट उसळीलाही एकच. टिंब म्हणजे नोंद, रक्कम नव्हे. म्हणून दुसऱ्या तासाला वजनकाटा येतो. शासनाच्या शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातील प्रत्येक मुलासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे कच्च्या मालाचे प्रमाण ठरलेले आहे. ते चारही घटक ताई वर्गात तोलून चार वाट्यांत ठेवतात. ही दिवसातली एक वेळ झाली. २० ग्रॅम डाळ डोळ्यांनी पाहिलेले मूल नंतर पातळ वरणाकडे निराळ्या नजरेने पाहते.

मग स्टीलच्या ताटावर खडूने रेघा ओढतात. अर्ध्या भागात भाज्या आणि फळ, उरलेल्या अर्ध्यापैकी एका हिश्शात भात-भाकरी आणि दुसऱ्यात डाळ-उसळ. दही किंवा ताक बाजूच्या वाटीत. आपल्या परंपरागत ताटात डाव्या बाजूला लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी, आमटी असतेच. म्हणजे गटांना स्थान आपल्याकडे पूर्वीपासून आहे. कमी पडते ते प्रमाण. कोशिंबीर चमचाभर आणि भाताचा ढीग. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनात प्रौढांच्या २००० कॅलरींच्या दिवसासाठी धान्य २५० ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम धरल्या आहेत. मुलांचे आकडे वेगळे, म्हणून हे वर्गात सांगत नाही. पालकसभेत सांगतो, तेव्हा काही क्षण कोणी बोलत नाही. कॅलरी हा शब्द मुलांसमोर उच्चारला जात नाही, आणि वर्गात सर्वांदेखत कोणाचे वजनही केले जात नाही.

मुलांना समजले की नाही, हे कसे ओळखावे? सर्वांचे कागद एकसारखे आले तर फळ्यावरून उतरविले, असे समजावे. सहाही रकाने ठासून भरलेला कागदही संशयास्पदच. दोन आठवड्यांनी ताई पुन्हा जातात आणि बंड्याचा अगदी निराळा दिवस देतात: सकाळी उपमा, दुपारी वरण-भात, संध्याकाळी वडापाव, रात्री अंडाकरी आणि चपाती. वड्यातल्या बटाट्याला धान्याशेजारी आणि वरच्या बेसनाला डाळीत टिंब देणारे मूल पाठ समजले, असे आम्ही मानतो.

कोऱ्या कागदाचा प्रश्न या आखणीने सुटत नाही. ज्या घरात धान्याचाच रकाना अपुरा, तेथे मुलाला नियोजन शिकवून काय साधणार? अशा मुलाचे नाव बाई आम्हाला एकांतात सांगतात आणि त्याची तपासणी आमच्या बालरुग्ण विभागात विनामूल्य होते. पहिल्या वर्षी आलेल्या त्या मुलीची झाली. तपासणीत रक्तक्षय आढळला, औषध सुरू झाले आणि शाळेतील जेवण ती रोज घेते आहे ना, याकडे बाई लक्ष ठेवू लागल्या. तिच्या घरची चूल दोन वेळा पेटावी, हे मात्र आमच्या हाती नव्हते.

खर्चाचा तपशील थोडक्यात: आखीव कागद, एक वजनकाटा, आहारतज्ज्ञांचा प्रवासभत्ता. रंगीत तक्त्याची छपाई ही पहिल्या वर्षीची सर्वांत मोठी रक्कम होती. ती पुन्हा दिसणार नाही. आखीव कागदाच्या प्रती प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत, त्यांनी जाताना अवश्य घ्याव्यात. बंड्याचे नाव आपण बदलू शकता.