“किती सुटलीस गं!”
(महिला मंडळाच्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)

आपल्याच लिफ्टमधली गोष्ट सांगते. ज्यांच्याबद्दल आहे त्यांना विचारूनच सांगतेय. नाव घ्यायचं नाही, एवढीच त्यांची अट.

गणपतीत आरतीला खाली निघाले होते. लिफ्टमध्ये आम्ही पाचजणी. ओळखीच्या एक वहिनी मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, “अगं, किती सुटलीस! ओळखलंच नाही.” सगळ्या हसल्या, मीही हसले. आरतीभर मात्र मनात उत्तरं जुळवत होते, एकेक असं झणझणीत! वेळेवर सुचलं नाही तेच बरं. नाहीतर एकमेकींचं तोंड नको म्हणून दोघी आजही जिने चढत असतो.

पण मी हसले, म्हणून त्यांना वाटलं, हिला चालतं. दिवाळीत पुन्हा तेच. या वेळी मी खुलासा द्यायला लागले, थायरॉइड, गोळ्या, दुखरा गुडघा. झालं! दुधीच्या रसापासून सगळे उपाय ऐकावे लागले. कारण सांगितलं की समोरच्याला सल्ला द्यायला वावच मिळतो.

संक्रांतीला मी वाक्य घरूनच ठरवून गेले. “तिळगूळ जपून हं, आधीच...” असं त्यांनी सुरू केलं. मी एक श्वास घेतला, कारण लगेच बोलले की माझा आवाज चढतो. मग हळू म्हटलं, “वहिनी, माझ्या वजनावर बोललात की मला वाईट वाटतं. तो विषय नको.”

“तुम्ही नेहमी टोचून बोलता” असं मुद्दाम म्हटलं नाही. ‘नेहमी’ आलं की गाडी स्वभावावर जाते आणि मागचे सगळे हिशेब निघतात. मला वाईट वाटतं, यावर मात्र कोण काय वाद घालणार?

त्या म्हणाल्या, “गंमत केली गं, लगेच मनाला लावून घेतेस.” खरी कसोटी इथे असते. “नाही हो, तसं काही नाही” हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते म्हटलं असतं तर सगळं पाण्यात. मी एवढंच म्हणाले, “गंमत असेल, तरी नको.” दोघी जरा अवघडलो. मग मीच विचारलं, “धाकटीच्या परीक्षेचं काय झालं?” त्याही सुटल्यासारख्या बोलायला लागल्या.

त्या बदलल्या, असं म्हणणार नाही. वजन पुन्हा काढलं नाही, पण माझ्या केस रंगवण्यावर एकदा बोलल्याच. तेव्हा पुन्हा तेच वाक्य, फक्त शब्द बदलून.

चारचौघांत मुद्दाम दुखवायलाच बोलणारे असतात, त्यांच्याशी मी विषय बदलायच्या भानगडीत पडत नाही. वाक्य बोलते आणि निघते. आणि वेळेवर सुचलंच नाही, तर दुसऱ्या दिवशी एकटं गाठून “काल तुम्ही म्हणालात ना...” म्हणून सांगते. सोसायटीच्या ग्रुपवर कधीच नाही. तिथे पाण्याच्या टँकरवरून काय होतं, ते आपण बघतोच!

परवानगी मागायला गेले तेव्हा वहिनींनी चहा केला. साखर किती, ते मात्र विचारून घातली.