सहा मिलिमीटरची गाठ

एमआरआयच्या अहवालात ‘पिट्यूटरी ग्रंथीत 6 मिलिमीटरची गाठ’ असं लिहून आलं, की घरात ‘मेंदूत गाठ’ एवढंच ऐकू येतं आणि ऑपरेशनची बोलणी सुरू होतात. माझं म्हणणं आहे, की बाळ अंगावर पीत नसताना दूध येतंय आणि पाळी चुकतेय, अशा बाईचा निर्णय त्या चित्रावर होऊ नये. तो रक्तातल्या प्रोलॅक्टिनवर आणि ते वाढण्याच्या कारणावर व्हावा.

प्रोलॅक्टिन हे पिट्यूटरीतून येणारं, दूध तयार करणारं संप्रेरक. मेंदूतून येणारं डोपामिन त्याला सतत आवरून धरतं. हा आवर सुटला की दूध येतं, बीजकोशाला मिळणारे संदेश मंदावतात आणि पाळी थांबते. लहान गाठ हे त्याचं एक कारण. पण गरोदरपण, थायरॉइडची कमतरता आणि काही औषधंही तेच करतात. पित्तासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या कॅप्सूलमध्ये अनेकदा डोम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असतं, आणि ही दोन्ही डोपामिनला अडवतात. ‘गॅसची गोळी’ म्हणून घेतलेलं हे औषध बाई डॉक्टरांना सांगतही नाही.

समजा, 28 वर्षांच्या बाईची पाळी पाच महिने आलेली नाही. गरोदरपण नाही, थायरॉइड ठीक आहे, प्रोलॅक्टिन 90 आहे. साधारण मर्यादा 25च्या आसपास असते. ती रोज डोम्पेरिडोन घेते. डॉक्टरांनी ते थांबवून तीन दिवसांनी पुन्हा तपासलं आणि आकडा 18 आला, तर दोष गोळीचा. मग 6 मिलिमीटरच्या गाठीचं काय? अशा लहान गाठी साधारण दहातल्या एका निरोगी माणसातही सापडतात. पण औषध नसतानाही आकडा 140 राहिला, तर ती गाठच प्रोलॅक्टिन सोडते आहे असं मानायला आधार मिळतो. चित्र तेच, अर्थ मात्र निराळा. मनोविकाराची काही औषधंही प्रोलॅक्टिन वाढवतात. ती मात्र मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय कुणी बंद करू नयेत.

‘गाठ खरीच असेल तर कापून का टाकू नये?’ हा आक्षेप रास्त आहे. उत्तर असं, की 10 मिलिमीटरहून लहान अशा बहुसंख्य गाठी वाढतच नाहीत, आणि कॅबर्गोलीन हे औषध डोपामिनचं काम करून त्यांना आवरतं. आठवड्यातून एकदा-दोनदा घ्यायच्या या गोळीने बहुतेकींचं प्रोलॅक्टिन उतरतं, पाळी परतते, गाठही अनेकदा आक्रसते. गोळी सोसली नाही किंवा लागू पडली नाही, तर शस्त्रक्रिया आहेच.

‘मग काहीच न केलं तर?’ असंही विचारलं जातं. पाळी नियमित असेल, दुधाचा त्रास नसेल, तर नुसती देखरेख चालते. पण पाळी महिनोन्‌महिने बंद राहिली, की इस्ट्रोजेन घटून हाडं ठिसूळ होतात. तिथे थांबणं चूक आहे. उपचार सुरू झाल्यावर पहिली पाळी येण्याआधीच गर्भ राहू शकतो, हेही त्या बाईला आधीच सांगायला हवं.

तेव्हा अहवाल घेऊन डॉक्टरांकडे जाताना, घरात चालू असलेल्या प्रत्येक गोळीचं पाकीट सोबत न्या.