शीर्षक आणि त्यामागचा भाग



मी संग्रामपूर तालुक्यातल्या वरवट बकालचा. मराठीतल्या एका अर्थविषयक पॉडकास्टसाठी शीर्षकं, कॅप्शन आणि टीझर लिहून देणं हे माझं काम आहे. कार्यक्रमाचा भाग पन्नास मिनिटांचा असतो आणि माझ्या वाट्याला येतात चार-पाच ओळी. पण आमच्याकडे कापसाचा चुकारा हातात पडला की तो ठेवायचा कुठे, हे पन्नास मिनिटं ऐकून ठरवणारे थोडे. बाकीच्यांपर्यंत पोचतात त्या चार-पाच ओळीच. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला दिसतात, पुढे ढकलल्या जातात, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर ‘असा नियम आहे म्हणे’ असं सांगितलं जातं. म्हणून आज एका भागाचं शीर्षक कसं ठरलं, तेवढंच सांगतो.

भाग होता ठेवींच्या विम्याचा. बँक बुडाली तर ठेवीदाराला पैसे कोण देतं? रिझर्व्ह बँकेच्या मालकीचं ठेव विमा महामंडळ देतं. त्याची मर्यादा फेब्रुवारी 2020 पासून 5 लाख रुपये आहे, त्याआधी 1 लाख होती. विम्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदाराला काही भरावं लागत नाही. हे सांगायला उदाहरण लांब शोधावं लागलं नाही, आमच्याच बुलढाणा जिल्ह्यातलं मिळालं. मलकापूर अर्बन सहकारी बँकेवर नोव्हेंबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि खात्यातून काढता येणारी रक्कम 10 हजारांवर आणली. पुढे 5 जुलै 2023 रोजी बँकेचा परवाना रद्द झाला. त्या वेळी रिझर्व्ह बँकेने सांगितलं होतं की सुमारे 97.60 टक्के ठेवीदारांना त्यांची पूर्ण ठेव विम्यातून मिळू शकेल.

आता यावर शीर्षक काय द्यायचं? पहिलं सुचतं ते घाबरवणारं: ‘तुमची बँक उद्या बुडाली तर?’ हे चालतं, लोक थांबतात. पण यात माहिती शून्य. ज्याने भाग ऐकला नाही त्याच्या हाती फक्त धास्ती लागते, आणि धास्तावलेला माणूस एफडी मोडून पैसे घरात आणतो किंवा भलत्याच ठिकाणी नेऊन ठेवतो.

दुसरा मसुदा धीर देणारा होता: ‘बँक बुडाली तरी 97.60 टक्के पैसा परत!’ आकडा खरा, वाक्य खोटं. रिझर्व्ह बँकेने ठेवीदारांची टक्केवारी सांगितली होती, पैशाची नाही. फरक समजायला एक काल्पनिक बँक घेऊ. तिचे शंभर ठेवीदार आहेत. त्यातल्या 98 जणांचे प्रत्येकी 50 हजार, म्हणजे 49 लाख. उरलेल्या दोघांचे प्रत्येकी 30 लाख, म्हणजे 60 लाख. बँकेत एकूण 109 लाख. बँक बुडाली तर त्या 98 जणांना सगळे पैसे मिळतील आणि दोघांना प्रत्येकी 5 लाख. म्हणजे 98 टक्के ठेवीदारांची पूर्ण ठेव सुटली, पण विम्यातून आले 59 लाख, एकूण रकमेच्या निम्म्याहून थोडे जास्त. बाकीचे 50 लाख बँकेची वसुली होईल तसे मिळणार, किंवा मिळणारच नाहीत. मलकापूरचे नेमके आकडे वेगळे असणार, पण टक्केवारी कशाची आहे हे न सांगणारं शीर्षक त्या दोघांना फसवतं. आणि जमीन विकून, निवृत्तीची रक्कम आणून एकाच बँकेत ठेवणारा माणूस त्या दोघांपैकीच असतो.

तिसरा मसुदा मला सर्वांत धोक्याचा वाटला, कारण त्यात चूक दाखवता येत नव्हती: ‘तुमचे 5 लाख सुरक्षित आहेत!’ मुंबई-पुण्यात बसून लिहिलं तर हे चालून जाईल. बुलढाणा जिल्ह्यात नाही. आमच्याकडे पैसे ठेवायचे म्हणजे बऱ्याच घरांत पतसंस्था. तिथे पासबुक असतं, एफडीची पावती मिळते, पिग्मीवाला रोज दुकानात येतो, काउंटर आणि तिजोरी सगळं बँकेसारखं. पण पतसंस्था ही बँक नव्हे. ती सहकार कायद्याखाली नोंदलेली संस्था आहे आणि तिच्या ठेवींना हा विमा लागू नाही. तिथे 50 हजार ठेवलेल्या माणसानेही ते शीर्षक वाचलं की त्याला वाटणार, आपलेही आत आले. म्हणून मी धरून बसलो की ‘पतसंस्था’ हा शब्द शीर्षकातच हवा. एखादी पतसंस्था उत्तम चाललेली असेल, ठेवी वेळेवर परत देत असेल, तो मुद्दाच वेगळा. विमा नाही एवढं कळलं पाहिजे.

शेवटी जे ठरलं ते असं: ‘बँकेत 5 लाखांपर्यंत विमा, पतसंस्थेत नाही: मलकापूर अर्बनचं उदाहरण’. वाचायला साधं आहे, उद्गारचिन्ह नाही. आमचे सूत्रधार म्हणाले, यात ओढ नाही. मी म्हटलं, पतसंस्थेत पैसे असलेल्या माणसाला यापेक्षा जास्त ओढ कशाची लागणार?

इथे एक तांत्रिक अडचण सांगतो, कारण मराठीत लिहिणाऱ्याला ती पदोपदी आडवी येते. यूट्यूबवर शीर्षकाला 100 चिन्हांची मर्यादा आहे. आपण मोजतो अक्षरं, यंत्र मोजतं प्रत्येक काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त वेगळा. ‘पतसंस्था’ हा शब्द आपल्या डोळ्यांना चार अक्षरांचा, यंत्राच्या हिशोबात आठ चिन्हांचा. जोडाक्षरं आली की शंभर चिन्हं बघता बघता संपतात. शिवाय फोनवरच्या यादीत लांब शीर्षक मध्येच तुटतं आणि पुढे तीन टिंबं येतात. आमचं शीर्षक भरलं 64 चिन्हांचं, आणि त्यातली पहिली 40 ‘नाही’ या शब्दापाशी संपतात. तुटलं तर मलकापूरचं उदाहरण तुटेल, नियम तुटणार नाही. हेच पसरट लिहिलं असतं, ‘बँकेत 5 लाखांपर्यंत विमा आहे, पण लक्षात ठेवा की पतसंस्थेत...’ तर नेमकी अटच टिंबांत गेली असती. अट आधी, सजावट नंतर, एवढा एक नियम मी पाळतो.

कॅप्शनलाही तेच. इन्स्टाग्रामवर सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं ‘अधिक’ दाबल्यावर. पहिल्या ओळीत आम्ही लिहिलं: ‘एका बँकेच्या सगळ्या शाखांमधली तुमच्या एकट्याच्या नावावरची मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाख.’ कारण बहुतेकांची चूक इथेच होते. शेगावच्या शाखेत 3 लाख आणि संग्रामपूरच्या शाखेत 3 लाख ठेवले की माणसाला वाटतं, दोन्ही झाकले. बँक एकच असेल तर बेरीज 6 लाख आणि विमा 5. आणि 4 लाख 80 हजारांच्या एफडीवर 30 हजार व्याज साचलं असेल, तर वरचे 10 हजार विम्याबाहेर गेले.

टीझर हा ऐकण्याचा प्रकार, त्यामुळे आकाशवाणीवर बोलताना त्याबद्दल थोडा हक्काने बोलतो. टीझर करताना भागातला एखादा चटकदार तुकडा कापून लावायची पद्धत आहे. आमच्या पाहुण्या तज्ज्ञांचं एक वाक्य होतं, ‘मी तर सगळे पैसे सहकारी बँकेतून काढून घेईन.’ पुढचं वाक्य होतं, ‘असं लोक म्हणतात, पण त्यात अर्थ नाही, सहकारी बँकेलाही तोच विमा आहे.’ पहिलं वाक्य एकटं लावलं असतं तर टीझर गाजला असता. आम्ही दोन्ही लावली, टीझर दहा सेकंदांनी लांबला. कापलेला तुकडा पूर्ण भागाच्या उलट बोलत असेल तर तो वापरायचा नाही, मग तो कितीही गोड असो.

शीर्षकातून अट गाळणं नवीन नाही हो. ‘दामदुप्पट ठेव’ हा फलक आपण लहानपणापासून बघतो. तेही शीर्षकच, आणि त्यातही अट गायब: किती वर्षांत? टपालाच्या किसान विकास पत्रात साडेसात टक्क्यांना पैसे दुप्पट व्हायला 115 महिने लागतात, म्हणजे साडेनऊ वर्षांहून थोडं जास्त. ढोबळ हिशोब घरीही करता येतो: 72 ला व्याजदराने भागा, वर्षं येतात. उलटंही करा. कुणी सहा वर्षांत दुप्पट म्हणत असेल तर तो 12 टक्के देतो म्हणतोय. बँका सात टक्क्यांच्या आसपास देत असताना हा बारा कुठून आणणार, हे त्यालाच विचारायचं. मी स्वतः कुठलंही शीर्षक लिहिण्याआधी हे भागाकार करतो. आकडा टिकला नाही तर शीर्षकात जात नाही.

शेअर बाजाराच्या भागांना आणखी एक कुंपण आहे. ‘हा शेअर दिवाळीपर्यंत दुप्पट’ असं कॅप्शन म्हणजे माहिती नव्हे, सल्ला झाला, आणि असा सल्ला देण्यासाठी सेबीकडे नोंदणी लागते. जानेवारी 2025 च्या परिपत्रकात सेबीने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: नुसतं शिक्षण देतो म्हणणाऱ्यांनी गेल्या तीन महिन्यांतल्या भावांचा आधार घेऊन शेअर सुचवू नये. आमच्या शीर्षकांत त्यामुळे शेअरचं नाव येतच नाही. एखाद्या कंपनीने भागाला पैसे दिले असतील तर ‘जाहिरात’ हा शब्द कॅप्शनच्या दिसणाऱ्या भागात लिहावा लागतो, ‘अधिक’च्या मागे लपवून चालत नाही. जाहिरात मानक परिषदेचा तसा दंडक आहे.

राहिला एक प्रश्न, त्याचं उत्तर मला अर्धवटच सापडलं आहे. यूट्यूबवरचं शीर्षक कधीही बदलता येतं. उद्या सरकारने 5 लाखांची मर्यादा वाढवली तर मी दोन मिनिटांत दुरुस्ती करीन. पण कुणाच्या तरी गटात ढकललेलं जुनं कॅप्शन आणि स्टेटसचं चित्र माझ्या हातात राहत नाही, ते वर्षानुवर्षं फिरत राहतं. म्हणून हल्ली चित्रावर, खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत न ठेवता आकड्याच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहितो: ‘मर्यादा फेब्रुवारी 2020 पासूनची’. चित्र त्यामुळे थोडं बेढब दिसतं, आणि आमच्या चित्रकाराची त्यावर अजून कुरकुर चालू आहे.