लाखभर रुपये आणि पाच पायऱ्या

(मासिक बैठकीत केलेलं बोलणं)

मागच्या बैठकीत एका मावशींनी विचारलं होतं, "शेळ्या विकून लाखभर रुपये आलेत. एका वर्षासाठी ठेवू का पाच वर्षांसाठी?" त्यांना जोखीम नको, म्हणून आपण सरकारी रोख्यांचा हिशोब करू.

रोखा म्हणजे आपण सरकारला दिलेलं कर्ज. दर सहा महिन्यांनी व्याज येतं, मुदत संपली की मुद्दल परत. रिझर्व्ह बँकेच्या 'रिटेल डायरेक्ट' खात्यातून 10,000 रुपयांपासून घेता येतो.

अडचण व्याजदराची आहे. 2020 मध्ये दहा वर्षांच्या रोख्याचा दर सहा टक्क्यांच्या आसपास होता, 2022 मध्ये सातच्या वर गेला. पुढे काय होईल ते बँकेच्या साहेबांनाही सांगता येत नाही, मला तर नाहीच.

म्हणून लाखाचे पाच भाग करायचे. वीस-वीस हजार एक, दोन, तीन, चार आणि पाच वर्षांच्या मुदतीत. ही झाली शिडी. दरवर्षी एक पायरी मोकळी होते. ते वीस हजार पुन्हा पाच वर्षांसाठी टाकायचे. तोवर बाकीच्या पायऱ्या एकेक वर्ष खाली आलेल्या असतात, म्हणजे शिडी तशीच उभी.

सोपं जावं म्हणून सगळीकडे सात टक्के धरू. वर्षाने दर सहावर आला तर? सगळा लाख एका वर्षासाठी ठेवला असता, तर आता वर्षाला हजार रुपये कमी मिळाले असते. शिडीत फक्त वीस हजारांवर फरक पडतो, दोनशेचा. आणि दर आठ झाला तर? सगळे पाच वर्षांत अडकवले असते, तर वाढीचा काहीच फायदा नाही. शिडीत निदान वीस हजार नव्या दराने लागतात. पूर्ण फायदा नाही मिळत, हे मान्य.

मध्येच रोखा विकायची वेळ आली तर मात्र जपून. दर एक टक्का वाढला की पाच वर्षांच्या रोख्याची किंमत शंभराला साधारण चार रुपये उतरते, एका वर्षाच्याची जेमतेम एक. शिवाय आपल्याएवढ्या छोट्या रकमेला गिऱ्हाईक लगेच मिळेलच असं नाही. म्हणून दवाखान्याचे, बी-बियाण्याचे पैसे बचत खात्यातच ठेवा. मुलीचं लग्न दोन वर्षांनी असेल, तर दुसरी पायरी तिच्या नावाची.

आणखी एक. जुना रोखा घेताना त्यावर छापलेलं नऊ टक्के बघून हुरळू नका. शंभराचा रोखा एकशे चारला मिळत असेल, तर शेवटी हातात शंभरच येतात. 'यील्ड' लिहिलेला आकडा बघा, खरी कमाई ती.

मावशी, पुढच्या बैठकीला पॅन कार्ड, पासबुक आणि मोबाईल आणा, खातं उघडून बघू. ईमेल लागेल, तो मुलाकडून काढून घ्या. ओटीपी तेवढा मलाही सांगायचा नाही.