तापाची गोळी आणि काळी लघवी

व्हायवॅक्स मलेरिया निघाला की प्रायमाक्विन 14 दिवस देतात. बहुतेकांना ती सोसते. पण समजा, एका पोराची तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे पडले, दम लागला. त्याच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम जन्मापासूनच कमी आहे. पोरांत हे जास्त दिसतं. तांबड्या पेशीला गंजण्यापासून तेच वाचवतं, तिच्याकडं दुसरी सोय नाही. गोळीनं गंज चढतो, हिमोग्लोबिनच्या गाठी होतात, पेशी फुटते. न्यूमोनियातही होतं, कारण जंतू मारायला शरीर तसाच मारा सोडतं. लघवी काळवंडली की पुढची गोळी देऊ नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. सिकलसेलच्या तपासणीत हे कळत नाही, याची तपासणी वेगळी मागा.